साडेतीनच्या आत सभागृह सोडायचंय

पुण्यात दरवर्षी भरणाऱ्या, माती आणि पाणी या विषयावरच्या एका दोन दिवसांच्या परिषदेची कार्यक्रमपत्रिका मी गेली काही वर्षं लावते. दोन दिवस, तीन सभागृहं, चाळीसएक वक्ते. कोण कधी, कुठल्या खोलीत, कोणानंतर बोलणार, हे ठरवण्याचं हे काम. कार्यक्रमपत्रिका जाहीर झाली की आठवड्याभरात एक निरोप हमखास येतो. यंदा तो नेदरलँड्समधल्या वागेनिंगनहून आला. तिथल्या कृषी संशोधनात काम करणाऱ्या, मूळच्या आपल्याकडच्या एका बाईंनी लिहिलं होतं :

“नमस्कार. माझी परतीची फ्लाइट रविवारी रात्री मुंबईहून आहे आणि पुढे कनेक्शनही आहे. जमल्यास माझं व्याख्यान जरा आधी घेता येईल का?”

निरोप साधा आहे, नम्र आहे, आणि मागणीही रास्त आहे. तरीही तो वाचून मला काहीच करता आलं नाही. ‘जरा आधी’ म्हणजे अर्धा तास आधी की सकाळी? ‘रविवारी रात्री’ म्हणजे नऊ वाजता की बारानंतर? शनिवारी चालेल का? त्यांचं व्याख्यान रविवारी संध्याकाळी पाच वाजता, मुख्य सभागृहात शेवटचं होतं. मी उलट विचारलं, त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, त्यातून आणखी एक प्रश्न निघाला, आणि दोन दिवस गेले. छापील पुस्तिका छापखान्यात जायला तेव्हा पाच दिवस उरले होते.

वेळ बदलून मागण्यात गैर काहीच नाही. परिषद भरवणाऱ्यांना ते अपेक्षितच असतं. पण वक्ता बहुधा आपल्या विमानाची वेळ कळवतो, आणि पत्रिका लावणाऱ्याला विमानाच्या वेळेचा थेट उपयोग नसतो. त्याला एकच वेळ हवी असते : तुम्ही सभागृहाच्या दारातून बाहेर केव्हा पडायला हवं? विमानापासून त्या दारापर्यंतचा हिशेब वक्त्यानंच करायचा असतो, कारण कुठलं विमान, कुठलं टर्मिनल, सामान किती, हे सगळं त्यालाच ठाऊक असतं.

बाईंच्या बाबतीत तो हिशेब आम्ही शेवटी फोनवर एकत्र बसून केला. तो सांगते, कारण तो उलटा, शेवटाकडून सुरुवातीकडे करायचा असतो.

विमान रात्री ११ वाजून १० मिनिटांनी, मुंबईच्या सहारच्या टर्मिनल २ वरून. दुबईला बदलून ॲमस्टरडॅम. सामान जमा करण्याचा काउंटर विमान सुटण्याच्या एक तास आधी बंद होतो, म्हणजे १० वाजून १० मिनिटांनी. ही शेवटची रेघ. परदेशी जाणाऱ्यांनी तीन तास आधी पोचावं असं विमान कंपन्या सांगतात, आणि सामानाची रांग, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी हे सगळं पाहता तो सल्ला ऐकण्यासारखा आहे. म्हणजे पोचायचं ८ वाजून १० मिनिटांनी.

आता रस्ता. गणेशखिंडीतल्या आमच्या सभागृहापासून सहार साधारण दीडशे किलोमीटर. एरवी साडेतीन तास धरले तरी चालतात. पण वार रविवारचा होता. शनिवार-रविवार लोणावळा-खंडाळ्याला गेलेली निम्मी मुंबई रविवारी दुपारनंतर घाट उतरते, आणि पुण्याहून निघालेला माणूस द्रुतगती मार्गावर नेमका त्याच गर्दीत सापडतो. घाट ओलांडल्यावर पनवेल ते सहार हा वेगळा अध्याय. म्हणून रविवारी संध्याकाळी साडेचार-पावणेपाच तास धरायला हवेत. ८.१० मधून ते वजा केले की उरतात साडेतीन.

पाचच्या व्याख्यानाचं काय झालं असतं, तेही तपासून पाहिलं. व्याख्यान आणि प्रश्न मिळून चाळीस मिनिटं, म्हणजे ५.४०. व्यासपीठावरून उतरताच चार जण गाठतात, कोणी नंबर मागतं, कोणी फोटो काढतं. गाडीत बसेपर्यंत सहा. रस्ता मोकळा मिळाला तर साडेनऊ, म्हणजे काउंटर बंद व्हायला चाळीस मिनिटं. रस्ता नेहमीच्या रविवारसारखा असला तर साडेदहा, म्हणजे काउंटर बंद होऊन वीस मिनिटं झालेली. आयोजकांपैकी एकानं आधी म्हटलं होतं, “अकराचं तर विमान आहे, पाचचं व्याख्यान आरामात होईल.” हा आकडा मांडल्यावर त्यानंच सगळ्यात आधी मान्य केलं की बदल करायलाच हवा.

पुढच्या कनेक्शनचा उल्लेख बाईंनी केला होता, तो शोभेसाठी नव्हता. मुंबई-दुबई आणि दुबई-ॲमस्टरडॅम हे दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर होते. अशा तिकिटावर पहिलं विमान कंपनीमुळे उशिरा पोचलं आणि पुढचं चुकलं, तर पुढची सोय कंपनी करते. पण प्रवासी स्वतःच पहिल्या विमानाला पोचला नाही, तर त्याची गैरहजेरी लागते आणि सहसा पुढचे सगळे टप्पेही रद्द होतात. नुसती दुबईची जागा हातची जात नाही, घरापर्यंतचं सगळं तिकीट जातं. दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर उलटाच धोका : पहिलं विमान कंपनीच्या चुकीनं उशिरा आलं तरी दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नसतो. म्हणून वक्त्यानं ‘कनेक्शन आहे’ एवढंच न लिहिता ‘एकाच तिकिटावर आहे’ किंवा ‘स्वतंत्र तिकीट आहे’ हे चार शब्द जास्त लिहिले, तर समोरच्याला गांभीर्य लगेच कळतं.

मात्र तिकिटाचा फोटो पाठवू नका. पुष्कळ जण पुरावा म्हणून तो जोडतात. पीएनआर आणि आडनाव या दोन गोष्टी हाताशी असल्या की बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर ते आरक्षण उघडता येतं, काही वेळा बदलताही येतं. आयोजकांच्या गटात तो फोटो दहा-बारा फोनवर जातो. तुमच्या शब्दावर आमचा विश्वास आहे.

फोनवरच्या हिशेबानंतर बाईंनी पुन्हा जो निरोप पाठवला, तो त्यांच्या परवानगीनं इथे देते :

“नमस्कार. माझं व्याख्यान ‘चिकणमातीतला ओलावा कसा मोजावा’, मुख्य सभागृह, रविवार, सायंकाळी ५ ते ५.४०. मला रविवारी दुपारी ३.३० च्या आत सभागृह सोडावं लागेल. रात्री ११.१० ला मुंबई, टर्मिनल २ वरून विमान आहे, पुढचा टप्पा त्याच तिकिटावर आहे. रविवारी सकाळी ९.३० पासून दुपारी २.४० पर्यंत संपेल अशी कुठलीही वेळ चालेल. शनिवारी मी दुपारी दोननंतर पुण्यात आहे, तेव्हाही चालेल. दुसरं सभागृह चालेल, फक्त प्रोजेक्टर हवा. व्याख्यान तीस मिनिटांत बसवता येईल. यातलं काहीच जमत नसेल तर तेही मोकळेपणानं कळवा, म्हणजे मी तिकीट बदलण्याची चौकशी करीन. पुस्तिका कधी छापायला जाते ते कळलं तर बरं होईल.”

पहिल्या निरोपात नसलेल्या दोन गोष्टी यात आहेत. एक, त्यांनी एखादी विशिष्ट वेळ मागितली नाही, एक मोकळा पट्टा दिला. ‘मला अकराची वेळ द्या’ असं म्हटलं की मला त्या एका माणसाशीच बोलावं लागतं, आणि तो नाही म्हणाला की खेळ खलास. ‘साडेनऊ ते दोन चाळीस’ म्हटलं की माझ्यापुढे सहा-सात शक्यता उघडतात. दोन, जाण्याची वेळ आणि व्याख्यान संपण्याची वेळ यांत त्यांनी पन्नास मिनिटांचं अंतर ठेवलं. ते प्रश्नांसाठी, निरोप घेण्यासाठी आणि बॅगा गाडीत टाकण्यासाठी. सभा वेळेवर सुरू होतील असं धरून चालणारा वक्ता मला अजून भेटायचाय, तसा भेटला तर त्याला मी प्रेमानं समजावीन.

आता माझ्या बाजूचं. वक्त्याला वाटतं, पाचचं दोनला घ्यायचं, एवढंच तर आहे. पण दोनला रिकामी जागा नसते, तिथे एक माणूस असतो. वेळ मागणारा त्याला ओळखत नाही, आणि त्या निरोपाची खरी किंमत बहुतेक वेळा तोच चुकवतो. हे मला फार जपावंसं वाटतं.

बदल करायचा तर सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे त्याच सभागृहातल्या, तेवढ्याच लांबीच्या दोन व्याख्यानांची अदलाबदल. खोली तीच राहते, चित्रीकरण करणारा तोच राहतो, पुस्तिकेत दोनच ओळी बदलतात. दुसऱ्या सभागृहात हलवलं की श्रोत्यांची गणितं बिघडतात. एकाच विषयाचे दोन वक्ते एकाच वेळी दोन खोल्यांत येतात, आणि ज्यांना दोन्ही ऐकायचे असतात ते हळहळतात. शिवाय प्रत्येक सत्राला एक अध्यक्ष असतो आणि काही अध्यक्ष स्वतःही वक्ते असतात. त्यांना दोन ठिकाणी उभं करता येत नाही.

मुख्य सभागृहात रविवारी त्या पट्ट्यात आणि त्याला लागून मिळून तीन व्याख्यानं होती. साडेअकराला नांदेडचे एक शिक्षक बोलणार होते. गावातल्या विहिरींची पाणीपातळी ते वर्षानुवर्षं मोजत आले आहेत. ते शनिवारी रात्रीच्या बसनं निघून रविवारी सकाळी पोचणार होते आणि त्याच रात्री परतणार होते, कारण सोमवारी शाळा. त्यांना पाचला ढकललं असतं तर आणखी एकाची धावपळ सुरू झाली असती. त्यांना विचारायचंही नाही असं मी ठरवलं. भिडेनं ते हो म्हणाले असते.

दोनला एक विद्यार्थिनी होती, पुण्यातच पीएचडी करणारी. कागदावर तिची अदलाबदल सगळ्यात सोपी दिसत होती. मी तिला फोन केला. ती लगेच म्हणाली, “हो मॅडम, चालेल ना.” तो होकार जरा जास्तच लवकर आला. मी विचारलं, “तुझं काही अडत नाही ना? खरं सांग.” मग ती म्हणाली, “नाही तसं काही नाही, फक्त आई-बाबा येणारेत ऐकायला, अकोले तालुक्यातून. पाचनंतर झालं तर त्यांना संध्याकाळची गाडी मिळणार नाही. पण मी करीन काहीतरी.”

हे ऐकलं आणि लक्षात आलं की एकीचं विमान वाचवताना मी दुसरीच्या आई-वडिलांची एसटी चुकवायला निघाले होते.

पावणेतीनला पुण्यातलेच एक अभियंते होते, हडपसरला राहणारे. पाझर तलावांवर बोलणार होते. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मी दोन्ही दिवस शेवटपर्यंत आहेच. मला रात्री आठला बोलवा, नाहीतर सकाळी आठला.” मग दोघांची अदलाबदल न करता तिघांची फिरवाफिरव केली : बाई दोनला, विद्यार्थिनी पावणेतीनला, अभियंते पाचला. ज्याला कुठेच जायचं नाही, तो शेवटी. विद्यार्थिनीचं तिच्या वेळेपेक्षा पाऊण तासच पुढे गेलं आणि तिच्या आई-वडिलांना पुरेसा वेळ राहिला. शेवटच्या सत्राला लोक कमी उरतात, ही अभियंत्यांची खरी तोशीस. ती आम्ही त्यांना आधीच सांगितली. पुढच्या वर्षी त्यांना सकाळचं पहिलं सत्र द्यायचं, हेही वहीत लिहून ठेवलं.

तिघांचा होकार येईपर्यंत बाईंना मी फक्त एवढंच कळवलं होतं : “तुमचा निरोप मिळाला. अजून काही ठरलेलं नाही. बुधवारी संध्याकाळपर्यंत पक्कं सांगते.” हे वाक्य महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे ‘बघते’ म्हटलं की ऐकणारा ‘झालं’ असं समजतो. कितीतरी घोटाळे इथे होतात. वक्ता कोणा एका ओळखीच्या आयोजकाला व्हॉट्सॲपवर लिहितो, तो अंगठा दाखवतो, वक्ता निर्धास्त होतो, आणि पत्रिका लावणाऱ्या माणसापर्यंत ते पोचतच नाही. म्हणून निरोप परिषदेच्या अधिकृत ई-मेलवर पाठवावा, ओळखीच्या माणसाला हवं तर वेगळं कळवावं, आणि ‘नवी वेळ अमुक, पक्की’ असं लेखी येईपर्यंत जुनीच वेळ आपली आहे असं समजावं.

पक्कं झाल्यावरही बदल एका ठिकाणी होत नाही. संकेतस्थळ, छापील पुस्तिका, सत्राच्या अध्यक्षांच्या हातातला कागद, चित्रीकरणवाल्यांची यादी आणि सभागृहाबाहेरचा फलक, या पाचही ठिकाणी एकच वेळ दिसली तरच तो बदल झाला. आमच्याकडे अध्यक्षांचा कागद मागे राहतो. मग व्यासपीठावरून नाव पुकारलं जातं आणि तो वक्ता तेव्हा चहा पीत असतो. बाईंचा निरोप परिषदेच्या अठरा दिवस आधी आला होता, पहिल्या दोन दिवसांच्या ये-जा नंतरही पुस्तिकेत बदल करता आला. पुस्तिका छापल्यावर आला असता तर चिठ्ठी जोडावी लागली असती, आणि चिठ्ठी कोणी वाचत नाही.

एका चुकीची आठवण मात्र मला अजून टोचते. काही वर्षांपूर्वी एका परदेशस्थ पाहुण्यांनी कळवलं होतं, ‘माझं विमान १२ तारखेला १२.५० ला आहे.’ आम्ही ते दुपारचं समजलो आणि ११ तारखेला संध्याकाळी सहाला त्यांचं व्याख्यान ठेवलं. ते विमान रात्री बारा पन्नासचं होतं. १२ तारीख सुरू होऊन पन्नास मिनिटं झालेली, म्हणजे बोलीभाषेत ११ ची रात्र. त्यांनी ११ च्या संध्याकाळीच पुणं सोडायला हवं होतं. हे दोघांच्याही लक्षात आलं ११ तारखेला दुपारी, तेव्हा हलवायला काहीच उरलं नव्हतं. ते निघून गेले, आणि सहा वाजता तालुक्यांहून आलेली माणसं रिकाम्या व्यासपीठासमोर बसली होती. मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतरच सुटतात, त्यामुळे हा घोटाळा पुन्हा होऊ शकतो. तेव्हापासून मी वक्त्यांना सांगते, चोवीस तासांच्या घड्याळानं लिहा आणि वारही लिहा : ‘सोमवार ००:५०, म्हणजे रविवारची रात्र’. परदेशातून लिहिणाऱ्यांनी ‘भारतीय वेळ’ हे दोन शब्दही घालावेत.

विमानतळाचं नावही तसंच. जानेवारी २०२३ पासून गोव्यात दाबोळीबरोबर मोपाहूनही प्रवासी विमानं सुटू लागली. एक पणजीच्या दक्षिणेला, दुसरा उत्तरेला महाराष्ट्राच्या हद्दीजवळ. पणजीतल्या परिषदेत वक्ता ‘गोव्याहून फ्लाइट’ एवढंच म्हणाला, तर गाडी ठरवणाऱ्याला चुकीच्या दिशेला पाठवायची पाळी येते. तिकिटावरचा कोड बघावा : दाबोळीचा `GOI`, मोपाचा `GOX`. रेल्वेनं येणाऱ्यांसाठी कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं. त्यात गाड्या मुद्दाम हळू चालवतात आणि वेळा बदलतात. मे महिन्यातल्या सवयीनं ऑगस्टमधल्या परिषदेची वेळ मागितली, तर हिशेब चुकतो.

रविवारी बाईंचं व्याख्यान दोन वाजून चार मिनिटांनी सुरू झालं. जेवणानंतरची वेळ असूनही सभागृह भरलेलं होतं. प्रश्न लांबले, दोन पन्नासला अध्यक्षांनी हात वर केला. तीन वाजून दहा मिनिटांनी गाडी फाटकातून बाहेर पडली. साडेपाचला त्यांचा निरोप आला, ‘घाटात. गाड्या इंचाइंचानं चालल्यात.’ आठ वाजून पाच मिनिटांनी दुसरा, ‘पोचले.’

तेव्हा मी मुख्य सभागृहात खुर्च्या मोजत होते. अभियंत्यांना ऐकायला एकतीस माणसं थांबली होती. विद्यार्थिनीचे वडील पावणेचारलाच स्टँडवर जायला निघाले होते. तिच्या आईनं जाता जाता माझ्या हातात घरच्या हातसडीच्या तांदळाची पिशवी ठेवली.